वाक्यसंयोग (इंग्रजी व्याकरण)

दोन साध्या इंग्रजी वाक्यांचे एक वाक्य करणे म्हणजे वाक्यसंयोग. जोडलेले वाक्य केवल किंवा मिश्र हवे असेल, तर ‘अँड’ किंवा ‘बट’ घालून जोडणे चालत नाही. पार्टिसिपल, इन्फिनिटिव्ह किंवा संबंधी सर्वनाम वापरावे लागते. नाशिकच्या मराठी माध्यमाच्या वर्गांत बऱ्याच चुका होतात त्या पार्टिसिपलमध्ये, आणि त्यांचे मूळ बरेचदा मराठीतच सापडते.

‘द फार्मर रीच्ड द मार्केट. ही सोल्ड हिज ग्रेप्स.’ इथे दोन्ही वाक्यांचा कर्ता एकच आहे आणि पोहोचणे आधी घडले आहे. म्हणून पहिल्या वाक्याचा कर्ता गाळून क्रियापदाला ‘हॅविंग’ची जोड द्यायची: ‘हॅविंग रीच्ड द मार्केट, द फार्मर सोल्ड हिज ग्रेप्स.’ मराठीतही आपण ‘बाजारात पोहोचून शेतकऱ्याने द्राक्षे विकली’ असेच म्हणतो, त्यामुळे इथवर अडत नाही.

अडते ते ‘-ताना’पाशी. ‘आय वॉज वॉकिंग अलाँग द गोदावरी. अ डॉग बिट मी.’ हे जोडताना मुले हमखास लिहितात: ‘वॉकिंग अलाँग द गोदावरी, अ डॉग बिट मी.’ ‘गोदाकाठी चालताना मला कुत्रा चावला’ हे मराठीत निर्दोष आहे, कारण ‘-ताना’ला दुसरा कर्ता चालतो. इंग्रजीत मात्र सुरुवातीचे पार्टिसिपल मुख्य वाक्याच्या कर्त्याला चिकटते, म्हणजे फिरायला निघाला तो कुत्राच! उपाय म्हणजे ‘आय’ला मुख्य कर्ता करून कर्मणी प्रयोग वापरणे: ‘वॉकिंग अलाँग द गोदावरी, आय वॉज बिटन बाय अ डॉग.’ लिहून झाल्यावर स्वल्पविरामानंतरच्या कर्त्याला विचारावे, ‘चालत कोण होते?’ उत्तर जुळले नाही, तर वाक्य चुकले.

इन्फिनिटिव्ह हेतू दाखवतो. ‘ही वेंट टू पंचवटी. ही वाँटेड टू सी द टेंपल’ याचे ‘ही वेंट टू पंचवटी टू सी द टेंपल’ होते. हेतू ‘टू सी’मध्ये आलाच, म्हणून ‘वाँटेड’ गळते. मंदिर प्रत्यक्ष पाहिले की नाही, हे मात्र या वाक्यातून कळत नाही. म्हणूनच वरच्या शेतकऱ्याच्या उदाहरणात हा मार्ग घेतला, तर विक्री झाल्याची माहितीच हरवते.

संबंधी सर्वनामात मराठीचा ‘जो–तो’ आड येतो. ‘द मॅन ग्रोज ग्रेप्स. ही लिव्ज इन निफाड’ याचे ‘द मॅन हू ग्रोज ग्रेप्स, ही लिव्ज इन निफाड’ असे केले जाते. ‘तो’च्या सवयीने आलेला हा ‘ही’ काढून टाकायचा, सोबतचा स्वल्पविरामही: ‘द मॅन हू ग्रोज ग्रेप्स लिव्ज इन निफाड.’ हे वाक्य मिश्र आहे, केवल नाही. प्रश्नात ‘सिंपल सेंटेन्स’ मागितले असेल, तर बिनचूक लिहिलेला ‘हू’ही चुकीचा ठरतो. तिथे ‘द मॅन ग्रोइंग ग्रेप्स लिव्ज इन निफाड’ असे लिहावे लागते.