भाडेकरू सामान टाकून निघून गेला, भाडंही थकलंय : कुलूप उघडण्याआधी काय कागद करायचे

महाराष्ट्रात बहुतेक घरं अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराने दिली जातात. इथली माहिती अशाच राहत्या घरासाठी आहे, जुन्या पागडीच्या घरांसाठी नाही. भाडेकरू न सांगता निघून गेला, फोन बंद आहे, दाराला त्याचं कुलूप आहे आणि आत त्याचा संसार पडलाय, अशी वेळ आली की घरमालकाच्या मनात पहिला विचार कुलूप तोडण्याचा येतो. तो तिथेच थांबवा. माणूस दिसत नाही म्हणून घराचा ताबा आपोआप तुमच्याकडे येत नाही. चार महिन्यांनी तोच माणूस येऊन म्हणाला, की गावी आजारपण होतं आणि कपाटात सोनं होतं, तर उत्तर देण्यासाठी तुमच्या हातात कागद हवा.

सुरुवात शोधापासून करा. करारात कायमचा पत्ता आणि दोन साक्षीदार असतात, तर पोलिसांकडे दिलेल्या भाडेकरू माहितीच्या अर्जात नोकरीचं ठिकाण आणि ओळखीच्या माणसांची नावं असतात. या सगळ्यांना फोन करा आणि त्याच दिवशी व्हॉट्सअॅप किंवा ईमेलवर तेच लिहूनही पाठवा. फोन कोणाला, किती वाजता केला आणि काय उत्तर आलं, हे एका वहीत तारखेनिशी लिहीत जा. सोसायटीच्या गेटवरच्या नोंदवहीत तो शेवटचा कधी दिसला, सामान नेताना गाडी आली होती का, हेही सेक्रेटरींकडून लेखी घ्या. वीजबिलाचे युनिट एकदम शून्याजवळ आले असतील तर ते बिल जपून ठेवा. घर वापरात नव्हतं, हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही.

याच वेळी पोलिस ठाण्यात साधा अर्ज द्या. भाडेकरू अमुक तारखेपासून संपर्कात नाही, घर कुलूपबंद आहे, आत सामान आहे, एवढंच लिहायचं आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायचा. थकलेलं भाडं हा दिवाणी मामला आहे असं पोलिस सांगतील आणि ते बरोबरच आहे. कुलूप तोडायची परवानगी पोलिस देत नाहीत. तुम्ही वेळेवर कळवलं, एवढी नोंद आपल्याला हवी असते. घरातून दुर्गंधी येत असेल, पाणी किंवा गॅस गळत असेल, तर मात्र वाट न बघता पोलिस आणि सोसायटीचे पदाधिकारी यांच्यासमोरच दार उघडा.

पुढची पायरी नोटिशीची. ती भाड्याच्या घराच्या पत्त्यावर, कायमच्या पत्त्यावर आणि माहीत असेल तर कामाच्या ठिकाणी, पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. थकबाकी महिनावार लिहा. ठरावीक तारखेपर्यंत येऊन सामान न्यावं आणि लेखी ताबा द्यावा, असं स्पष्ट म्हणा. किती दिवसांची मुदत द्यायची याचा आकडा कायद्यात नाही. सुविधाधिकार कायदा, 1882 च्या कलम 63 नुसार परवाना रद्द झाल्यावर माणसाला घर सोडायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मिळाला पाहिजे. करारात नोटीस एक महिन्याची असेल तर महिनाच द्या. पाकीट ‘दार बंद’ किंवा ‘पत्त्यावर नाही’ अशा शेऱ्यासह परत आलं तर फोडू नका. पोस्टमनच्या शेऱ्याचं ते बंद पाकीटच तुमचा पुरावा आहे.

इथून दोन वाटा फुटतात. भाडेकरूने उत्तर दिलं आणि ‘मी येऊ शकत नाही, घर ताब्यात घ्या, सामान भावाला द्या’ असं ईमेलवर लिहिलं, तर काम सोपं होतं. तसं लेखी मिळाल्यावर दोन पंचांसमोर कुलूप उघडून पंचनामा करा. पंच नात्यातले नकोत. शेजारी आणि सोसायटीचे सेक्रेटरी चालतील. कुलूप उघडण्याआधीपासून न थांबता व्हिडिओ सुरू ठेवा आणि मूळ फाइल त्याच फोनमध्ये जपा, कारण कोर्टात ती द्यायची झाली तर भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. यादी खोलीवार लिहा. ‘एक बॅग’ असं लिहू नका. ‘निळी मोठी सुटकेस, नंबरचं कुलूप, बंद, उघडली नाही’ असं लिहा. बंद वस्तू बंदच राहू द्या. पासपोर्ट, मार्कशीट, बँकेची कागदपत्रं एका पाकिटात घालून चिकटवा आणि जोडावर पंचांच्या सह्या घ्या. रोख किंवा दागिने उघड्यावर दिसले तर हात न लावता पोलिसांना बोलवा. सामान नेणाऱ्याकडून त्याच यादीवर पोचपावती घ्या आणि ताबा पावतीत तारीख व मीटरचं रीडिंग लिहा.

उत्तरच आलं नाही आणि कराराची मुदत संपली, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी अर्ज करता येतो. पात्रता सरळ आहे : घर राहण्यासाठी दिलेलं हवं, करार लेखी हवा आणि त्याची मुदत संपलेली हवी. कराराची नोंदणी करून घेणं ही कलम 55 नुसार घरमालकाचीच जबाबदारी आहे. ती केली नसेल तर भाडेकरू अटींबद्दल जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. अर्जासोबत नोंदणीकृत करार आणि इंडेक्स टू, मालकीचा पुरावा, भाडं जमा झालेल्या खात्याचा उतारा, नोटिशी, पोस्टाच्या पावत्या, परत आलेली पाकिटं आणि पोलिसांचा शिक्का असलेली प्रत जोडा. मालक परदेशात असेल तर इथल्या माणसाच्या नावे कुलमुखत्यारपत्र लागतं. समन्स बजावल्यावर 30 दिवसांत समोरच्याने बचावाची परवानगी मागितली नाही, तर अर्जातलं म्हणणं मान्य आहे असं धरून ताब्याचा आदेश होतो. अर्ज सगळ्यात जास्त रखडतो तो समन्स न बजावल्यामुळे, म्हणून कायमचा पत्ता पिन कोडसह नीट द्या.

पैशांचं गणित वेगळं ठेवा. समजा भाडं 18,000, डिपॉझिट 50,000 आणि करार 30 एप्रिलपर्यंत. भाडेकरूने डिसेंबरपर्यंतचं भाडं दिलं आणि फेब्रुवारीत तो गायब झाला. ताबा लेखी मिळालाच नाही तर जानेवारी ते एप्रिलचे 72,000 आणि विजेचे 3,400 मिळून 75,400 होतात. डिपॉझिट वजा जाता 25,400 येणं उरतं. पण त्याने 15 मार्चला लेखी ताबा दिला आणि तुम्ही तो घेतला, तर अडीच महिन्यांचे 45,000 आणि विजेचे 3,400 एवढेच धरा, म्हणजे 1,600 तुम्हीच त्याला परत देणं लागता. लॉक-इनचं कलम असेल तर हिशोब बदलेल. तो लेखी करून त्याच सगळ्या पत्त्यांवर पाठवा.

कलम 24 खाली मुदत संपल्यानंतर घर अडकून राहिल्याबद्दल दुप्पट दराने भरपाई मागता येते. मुदतीच्या आतल्या थकबाकीसाठी मात्र वेगळा दावा लागतो. तो मुंबईत लघुवाद न्यायालयात चालतो. प्रत्येक महिन्याचं भाडं देय झाल्यापासून तीन वर्षांत तो दाखल व्हायला हवा. 25,400 साठी दावा करायचा का, हे वकिलाची फी विचारून ठरवा.

उरला फ्रिज आणि गादी. तो विकून भाडं वळतं करून घ्या असा सल्ला सर्रास मिळतो, पण भाडेकरूच्या लेखी संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या आदेशाशिवाय ते करू नका. त्याची वस्तू परस्पर विकणं हा तुमच्यावरच फौजदारी तक्रारीचा विषय होऊ शकतो. ताबा आदेशाने मिळाला तरी तेव्हाही पंचनामा करा, सामान एका खोलीत किंवा कोरड्या गोदामात ठेवा, पत्ता नोटिशीने कळवा आणि गोदामाच्या भाड्याच्या पावत्या करारासोबतच्या फाइलमध्ये लावा.