चेतासंधीतील उलटा निरोप: एंडोकॅनाबिनॉइड

चेतासंधीत, म्हणजे सिनॅप्समध्ये, निरोप एरवी एकाच दिशेने जातो. मागची चेतापेशी रसायन सोडते आणि पुढची ते टिपते. एंडोकॅनाबिनॉइड मात्र उलट वाटेने जातात. पुढची पेशी ते तयार करते आणि मागच्या पेशीला आवरते घ्यायला सांगते. या मेदजन्य रेणूंपैकी ‘२-एजी’ हा या कामातला मुख्य रेणू. त्याआधी १९९२ साली सापडलेल्या आनंदामाइडचे नाव ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून ठेवले गेले.

हा निरोप हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे आठवणी नोंदवणाऱ्या मेंदूच्या भागाच्या, जिवंत ठेवलेल्या पातळ कापात स्पष्ट दिसतो. एका पिरॅमिडल पेशीचा विद्युतदाब सुमारे उणे ६० मिलिव्होल्टवरून शून्यावर आणून काही सेकंद तिथेच धरतात. पेशीत कॅल्शियम शिरते आणि तिच्या पटलातील मेदापासून २-एजी बनते. तो आधी साठवून ठेवलेला नसतो, गरज पडली की त्या क्षणी घडतो. दोन पेशींमधली फट ओलांडून तो मागच्या तंतूवरील सीबी१ या ग्राहीला, म्हणजे निरोप टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो. मग त्या तंतूतील कॅल्शियमची दारे पुरती उघडत नाहीत आणि गाबा हे शमन करणारे रसायन कमी सुटते. वीस-तीस सेकंदांत सारे पूर्ववत होते, कारण मागच्या तंतूतलेच एक विकर २-एजी तोडते.

गाबा कमी सुटला की पुढच्या पेशीत मोजलेला विद्युतप्रवाह घटतो. ही घट खरी आहे का, हे तपासावे लागते. पुढच्या पेशीत कॅल्शियम बांधणारे बाप्टा भरले किंवा सीबी१ रोखणारे औषध दिले, तर ती दिसेनाशी व्हायला हवी. विद्युताग्राचा रोध वाढल्यामुळेही प्रवाह लहान दिसतो, पण तो आपोआप सावरत नाही. २००१ साली वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी हिप्पोकॅम्पस आणि अनुमस्तिष्क या दोन्ही ठिकाणी ही यंत्रणा दाखवली.

गांजातील टीएचसी याच ग्राहीला चिकटतो. पण २-एजी ठरावीक चेतासंधीत काही सेकंद काम करतो, तर टीएचसी सगळीकडे एकदम आणि काही तास अंमल करतो. ते विकर त्याला तोडू शकत नाही. हिप्पोकॅम्पसमध्ये पेशींची एकमेकींशी जुळलेली लय विस्कटते, म्हणून नवी गोष्ट मनात नोंदली जात नाही. बोलता बोलता वाक्याची सुरुवात हरवते, जुन्या आठवणी मात्र बऱ्याचशा शाबूत राहतात. अनुमस्तिष्कात पर्किंजे पेशींकडे येणाऱ्या तंतूंवर सीबी१ दाट असतात. तिथला वेळेचा हिशेब चुकला की प्रतिक्रिया मंदावते आणि वाहन सरळ रेषेत ठेवणे जमत नाही. श्वसनाची केंद्रे असलेल्या मस्तिष्कस्तंभात मात्र हे ग्राही विरळ आहेत. म्हणून अफूजन्य द्रव्यांसारखा श्वास थांबण्याचा धोका इथे फारसा नसतो.

धुरातला टीएचसी काही मिनिटांत मेंदूत पोचतो. होळीची भांग पोटातून जाते, त्यामुळे तिचा अंमल चढायला तास-दीड तास किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. ‘काहीच झाले नाही’ म्हणून दुसरा पेला घेतला की दोन्ही मात्रा एकत्र चढतात.