‘जमलं तर ये’ (सशर्त निमंत्रण)

‘जमलं तर ये’ : मित्राने वा मैत्रिणीने, आजकाल बहुधा चॅटमधून, समोरच्याच्या सवडीवर सोडून दिलेले बोलावणे. ‘सुटलास लवकर तर चक्कर मार’, ‘वेळ असेल तर डोकावून जा’ ही त्याचीच रूपे. लग्नपत्रिकेतील ‘अगत्य येण्याचे करावे’ या आग्रहाच्या भाषेपेक्षा याचा सूर वेगळा असतो. त्यामुळे ते मनापासूनचे की केवळ रीत म्हणून केलेले, असा प्रश्न ते मिळालेल्या माणसाला पडतो. ज्या बोलावण्यातून समोरच्याने प्रत्यक्ष येणे अपेक्षित नसते, त्याला या नोंदीत ‘नाममात्र निमंत्रण’ म्हटले आहे.

वाद आहे तो ‘जमलं तर’ या अटीच्या कामाबद्दल. तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या भाषिक कृतींच्या, म्हणजे बोलण्यातून केल्या जाणाऱ्या कृतींच्या, विवेचनानुसार, एखाद्याला काही करायला सांगताना ती गोष्ट त्याला शक्य आहे हे गृहीत असते. निमंत्रणालाही हे लागू पडते. ज्याला जमणारच नाही त्याने यावे, असे कोणीच म्हणत नाही. म्हणजे ‘जमलं तर’ ही अट उच्चारली नाही तरी तेथे असतेच आणि उच्चारल्याने माहितीत भर पडत नाही. ती मुद्दाम उच्चारली जाते याचे कारण माहितीपलीकडे, दोघांच्या संबंधांत शोधावे लागते. येथून अभ्यासकांच्या वाटा वेगळ्या होतात.

पेनेलोपी ब्राउन व स्टीफन लेव्हिन्सन यांच्या सौजन्यविषयक सिद्धांतात (१९७८, सुधारित आवृत्ती १९८७) अशी अट म्हणजे समोरच्यावर दडपण येऊ नये म्हणून ठेवलेली पळवाट होय. त्याला नकार देताना अवघड वाटू नये आणि बोलावणाऱ्याचाही मान राहावा, हा तिचा हेतू. या मताप्रमाणे अट हे काळजीचे लक्षण ठरते व निमंत्रणाच्या खरेपणाला तिने बाध येत नाही. याउलट एलेन आयझॅक्स व हर्बर्ट क्लार्क यांनी १९९० मध्ये ‘लँग्वेज इन सोसायटी’ या नियतकालिकातील लेखात नाममात्र निमंत्रणाच्या ज्या खुणा सांगितल्या, त्यांत अट घालून बोलावणे ही एक खूण आहे. इतर खुणा अशा : समोरच्याने विषय काढल्यावरच बोलावणे, त्याचे येणे मुळात अवघड असणे, त्याने का यावे याचे कारण न देणे, एका नकारानंतर आग्रह न धरणे, वेळ व ठिकाण मोघम ठेवणे आणि शब्दांशी न जुळणारा सूर. असे निमंत्रण खोटे बोलण्यात जमा होत नाही, हा त्यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. हे खरे बोलावणे नव्हे, हे दोघांनाही कळलेले असते आणि दोघे मिळून ते निभावून नेतात. त्यातून ‘तू मला परका नाहीस’ एवढे सांगायचे असते व ते पोचते. दुखावले जाते ते एकाला कळले आणि दुसऱ्याला नाही, तेव्हा.

दोन्ही मते एकत्र ठेवली तर एकट्या अटीवरून काहीच ठरत नाही, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. तीच अट आडपडद्याला वापरता येते आणि जिव्हाळ्यालाही. निर्णय उरलेल्या खुणांवर सोपवावा लागतो. मात्र त्या इंग्रजी बोलणाऱ्यांच्या व्यवहारातून काढलेल्या आहेत. फारसीतील ‘तआरुफ’सारख्या रिवाजात आग्रह हाच शिष्टाचाराचा भाग असल्याने आग्रहाची कसोटी तेथे दुबळी पडते. पानात आणखी एक पोळी वाढताना होणारा आपल्याकडचा आग्रह पाहता, मराठीतही ती जपूनच लावावी.

चॅटमध्ये सुराची खूण जवळजवळ नाहीशी होते. उत्तराला लागलेला वेळही फारसे सांगत नाही, कारण समोरचा लोकलमध्ये उभा असेल किंवा फोन चार्जिंगला लावलेला असेल. वाचल्याची निळी खूण फक्त वाचल्याचेच सांगते. उरते ते मजकुराचे स्वरूप. समजा, ठाण्यातील एक जण डोंबिवलीच्या मैत्रिणीला बुधवारी आपणहून लिहिते : ‘शनिवारी घरी पावभाजी करतेय, कॉलेजची चौघं येतायत. तुला भेटून किती दिवस झाले. जमलं तर ये.’ येथे अट आहे, वेळही सांगितलेली नाही. पण विषय तिनेच काढला आहे, दिवस ठरलेला आहे, सोबत कोण ते सांगितले आहे, बोलावण्याचे कारण दिले आहे आणि तीन दिवस आधी कळवले आहे. मैत्रीण विचारते, ‘किती वाजता? काही आणू का?’ उत्तर येते, ‘सातपर्यंत ये. येताना डझनभर पाव आण, इथले संध्याकाळी संपतात.’ अट गळून पडली आणि काम सोपवले गेले. हे बोलावणे खरे.

आता तेच शब्द, पण शुक्रवारी रात्री. ‘उद्या काय करतेयस?’ असे मैत्रिणीने विचारल्यावर उत्तर येते : ‘अगं, घरी चौघं जमतोय. जमलं तर ये तूही.’ आधी ठरलेला बेत विचारल्यावर बाहेर आला आहे. ‘किती वाजता?’ या प्रश्नाला ‘असंच, संध्याकाळी. पण तुला परत जायला उशीर होईल ना गं?’ असे उत्तर मिळते. बोलावणारीच न येण्याचे कारण पुरवते, ही खूण बाकी सगळ्यांपेक्षा बोलकी मानावी. अर्थात उशिराची काळजी खरीही असू शकते. ती खरी असेल तर सहसा पाठोपाठ तोडगा येतो : ‘उशीर झाला तर राहा इथेच’ किंवा ‘दादा स्टेशनला सोडेल’. अडचण सांगून गप्प राहणे आणि अडचण सांगून वाट काढणे यांत हा फरक आहे. शेवटच्या क्षणी बोलावणे मात्र एकटे धरू नये. ज्यांच्यात अचानक ठरवण्याचीच पद्धत आहे, अशा जवळच्या मित्रांत तासभर आधीचे ‘येतोस का, जमलं तर’ हे पूर्ण खरे असते.

वेळ किंवा तयारीबद्दलचा साधा प्रश्न ही या दोन्ही उदाहरणांतील चाचणी आहे. ‘खरंच येऊ का?’ या थेट प्रश्नाने ते साधत नाही. त्याला ‘हो, ये ना’ याखेरीज उत्तर देणे कोणालाही कठीण असते, म्हणून ते उत्तर पुरावा ठरत नाही. ‘काही आणू का?’ यासारखा प्रश्न बोलावणाऱ्यालाही वाट मोकळी ठेवतो. त्याला हवे असेल तर तपशील देता येतो, नको असेल तर मोघम राहता येते आणि कोणाचीच शोभा होत नाही.

मराठीत क्रियापदाला चिकटणारे छोटे शब्दही थोडी दिशा दाखवतात. ‘ये ना’, ‘येच’, ‘जमवच’ यांत ओढ आहे. ‘बघ, जमलं तर’ यात ती कमी आहे. पण माणसामाणसाची लिहिण्याची ढब इतकी वेगळी असते की तुलना त्याच माणसाच्या आधीच्या निरोपांशी करावी. एरवी मोजकेच लिहिणाऱ्याचे ‘जमलं तर ये’ पुरेसे आग्रहाचे असू शकते.

गटावर टाकलेले ‘ज्यांना जमेल त्यांनी या’ हे वेगळे प्रकरण होय. तेथे अट सर्वांसाठी असते व कोणा एकाबद्दल काही सांगत नाही. त्यानंतर स्वतंत्र निरोप आला तर तोच विचारात घ्यावा. उत्तराच्या बाजूला ‘बघते’, ‘प्रयत्न करतो’ ही तितकीच मोघम रूपे रूढ आहेत. नाममात्र निमंत्रणाला ती चपखल बसतात. खऱ्या निमंत्रणाला मात्र ‘बघते’ हे उत्तर यजमानाची पंचाईत करते, कारण भाजी किती जणांची करायची हे त्याला त्यावरून कळत नाही.