विधिसंशोधन टिपणाचे मूल्यमापन

कनिष्ठ वकिलाने एखाद्या कायदेशीर प्रश्नावर लिहून दिलेले संशोधन-टिपण कितपत विसंबण्याजोगे आहे, हे ज्येष्ठ वकिलाने पाहण्याची क्रिया. महाराष्ट्रातील चेंबरांत या टिपणाला ‘रिसर्च नोट’ किंवा नुसते ‘नोट’ म्हणतात. ‘मेमो’ हा शब्द मोठ्या विधिसंस्थांतून आलेला आहे. टिपण अशिलासाठी नसते, ज्येष्ठासाठी असते. त्यामुळे त्यात प्रतिकूल निवाडे लपवण्याचे कारण नसते आणि युक्तिवादाचा आवेशही नको असतो. मूल्यमापन साधारणतः चार अंगांनी होते: मुद्द्याची मांडणी, प्रमाणांचा म्हणजे आधारभूत कायदा व निवाड्यांचा वापर, विश्लेषण आणि व्यवहार्य सल्ला. मुद्दा, नियम, अवलंबन, निष्कर्ष अशी ‘आयरॅक’ नावाने ओळखली जाणारी मांडणी अमेरिकी विधिशाळांतून, बहुधा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सर्वत्र पसरली. तिचा नेमका जनक कोण याबाबत एकमत नाही. भारतीय चेंबरांतील नोट मात्र या साच्यापेक्षा तथ्ये लिहून देऊन वकिलाचे मत मागवण्याच्या ‘केस फॉर ओपिनियन’ या जुन्या इंग्रजी वहिवाटीशी अधिक जवळची वाटते.

चारही अंगे एकाच कागदावर दिसावीत म्हणून धनादेश न वटल्याचे एक कल्पित प्रकरण घेऊ. चलनक्षम दस्तऐवज अधिनियम, 1881 याच्या कलम 138 खालील ही फिर्याद, म्हणजे कोर्टाच्या आवारातील ‘एकशे अडतीसची केस’, ज्युनिअरच्या वाट्याला बहुधा सर्वांत आधी येते. नाशिकच्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने पुण्याच्या व्यापाऱ्याला 5 जानेवारी 2024 चा साडेसात लाखांचा धनादेश दिला. व्यापाऱ्याचे खाते पुण्यातील शाखेत आहे, पण त्याने धनादेश कामानिमित्त ठाण्यात असताना त्याच बँकेच्या तिथल्या शाखेत भरला. पुरेशी रक्कम नसल्याचा शेरा घेऊन तो परत आला आणि बँकेचा परतावा-मेमो 24 जानेवारीला हाती पडला. व्यापाऱ्याने सही करणाऱ्या संचालकाच्या नावाने नोटीस पाठवली. ती 15 फेब्रुवारीला पोचली. 20 फेब्रुवारीला ज्युनिअरची नोट टेबलावर आली. तिच्यात लिहिले आहे: फिर्याद नाशिकला करावी, मुदत 3 एप्रिलपर्यंत आहे, संचालकाला दिलेली नोटीस पुरेशी आहे.

मुद्द्याची मांडणी. नोटेच्या शिरोभागी ‘कलम 138 अन्वये फिर्याद चालू शकेल काय?’ एवढाच प्रश्न आहे. हा प्रश्न कोणत्याही धनादेशाला लागू पडेल, आणि त्याची अडचण तीच आहे. मुद्दा बांधताना निर्णायक तथ्ये प्रश्नातच यावी लागतात: पुण्यातील खात्यासाठी ठाण्याच्या शाखेत भरलेल्या धनादेशाची फिर्याद कोणत्या न्यायालयात, 15 फेब्रुवारीला पोचलेल्या नोटिशीवर शेवटचा दिवस कोणता, आणि नोटीस फक्त संचालकाच्या नावे असता कंपनीविरुद्ध फिर्याद टिकेल काय. असे तीन प्रश्न लिहून काढले असते तर पुढील तीनही चुका लिहिणाऱ्यालाच दिसल्या असत्या. परीक्षकाची एक साधी चाचणी अशी की मुद्द्याचे वाक्य वाचून पक्षकारांची नावे व तारखा न बघता प्रकरण ओळखता यावे.

प्रमाणांचा वापर. नाशिकचा निष्कर्ष दशरथ रूपसिंग राठोड वि. महाराष्ट्र राज्य (2014) या निवाड्यावर उभा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने त्यात के. भास्करन (1999) या दोन न्यायाधीशांच्या निवाड्याची सैल भूमिका बाजूला सारली आणि धनादेश जिच्यावर काढला त्या बँकेच्या ठिकाणीच फिर्याद व्हावी असे सांगितले. ज्युनिअरने पीठाचे बळ नीट तपासले आहे, उतारा अचूक आहे, निवाडा पुढे कोणत्याही पीठाने रद्द ठरवलेला नाही. तरीही उत्तर चुकले, कारण निवाडा न्यायालयाने नव्हे तर संसदेने निष्प्रभ केला. 2015 च्या दुरुस्तीने कलम 142 मध्ये पोटकलम (2) आले व ते 15 जून 2015 पासून अमलात असल्याचे मानले जाते. खात्यामार्फत वसुलीला दिलेल्या धनादेशाबाबत आता धनादेश घेणाऱ्याचे खाते ज्या शाखेत आहे तेथील न्यायालयाला अधिकार आहे. आणि त्याच्या स्पष्टीकरणानुसार बँकेच्या कोणत्याही शाखेत भरलेला धनादेश खात्याच्याच शाखेत भरला असे धरले जाते. म्हणजे नाशिकही नाही आणि ठाणेही नाही, पुणे. ब्रिजस्टोन इंडिया वि. इंद्रपाल सिंग (2015) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती लागू करून दाखवली आहे. अशी चूक पकडण्यासाठी परीक्षक आधी निवाडा उघडत नाही. तो कलमाचा आजचा मजकूर उघडतो आणि त्याखालील दुरुस्तीच्या टिपा वाचतो. निवाड्यांच्या शोधातून कायद्याकडे आलेली नोट आणि कायद्यातून निवाड्यांकडे गेलेली नोट यांतला फरक बहुधा पहिल्या पानावरच कळतो.

विश्लेषण. मुदतीच्या गणनेवर थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण येथे प्रमाणांमध्येच एकेकाळी खरा मतभेद होता. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे न दिल्यास वादकारण उद्भवते आणि त्या तारखेपासून एका महिन्यात फिर्याद करावी लागते. हा महिना मोजताना वादकारणाचा दिवस धरायचा की सोडायचा? साकेत इंडिया (मार्च 1999) या दोन न्यायाधीशांच्या निवाड्यात तो दिवस सोडला गेला. त्यानंतर दोनच महिन्यांत एसआयएल इम्पोर्ट (मे 1999) या तेवढ्याच बळाच्या पीठाने, साकेतचा उल्लेख न करता, उलट दिशेचा अर्थ लावला. पुढची चौदा वर्षे दोन्ही बाजूंच्या वकिलांना आपापला निवाडा मिळत होता. एकॉन अँट्री वि. रोम इंडस्ट्रीज (2013) मध्ये तीन न्यायाधीशांनी साकेतची बाजू घेतली, आणि आज तो प्रश्न मिटलेला मानणे योग्य. समबल पीठांत विरोध असता कोणते पीठ मानावे, यावर उच्च न्यायालयांत पूर्वी निरनिराळी मते होती. ‘नंतरचे ते खरे’ हे त्यांपैकी वकिलांत अधिक प्रिय असलेले. प्रणय सेठी (2017) या घटनापीठाच्या निवाड्यानंतर आधीच्या समबल पीठाने बांधलेले राहावे हे मत अधिक ग्राह्य दिसते. साकेत व एसआयएल यांच्यातील तारखांचा क्रम पाहता तो नियमही त्याच निष्कर्षाला नेतो.

आपल्या प्रकरणात नोटीस 15 फेब्रुवारीला पोचली. तो दिवस सोडून 16 पासून मोजल्यास 29 फेब्रुवारीपर्यंत चौदा दिवस होतात, पंधरावा 1 मार्च. वादकारण 2 मार्चला उद्भवते. तो दिवस सोडल्यास महिना 2 एप्रिलला संपतो. एसआयएलच्या पद्धतीने तोच महिना 1 एप्रिलला संपला असता. ज्युनिअरने 3 एप्रिल काढले आहे, म्हणजे त्याने 2024 चा फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा धरला. त्याने एकॉन अँट्री उद्धृत केला आहे, त्याचा नियम बरोबर सांगितला आहे, आणि तरीही एक दिवस उशिराची तारीख दिली आहे. असा उशीर कलम 142 च्या परंतुकाखाली पुरेसे कारण दाखवल्यास क्षमापित होऊ शकतो, पण ‘आमच्या कार्यालयात लीप वर्ष विसरले गेले’ हे कारण न्यायाधीशांसमोर वाचायला कोणालाच आवडणार नाही. म्हणून परीक्षक नोटेतील तारीख न वाचता स्वतः कागदावर दिवस मोजतो आणि मग दोन उत्तरे जुळवतो. तयार उत्तर आधी पाहिले की मोजणी त्याच्याकडे ओढली जाते.

व्यवहार्य सल्ला. तिसऱ्या मुद्द्यावर ज्युनिअरने बिलकचंद ज्ञानचंद वि. ए. चिन्नास्वामी (1999) शोधला आहे. त्यात धनादेशांवर सही करणाऱ्या व्यवस्थापकीय संचालकाच्या नावे काढलेली नोटीस पुरेशी मानली गेली. प्रमाण खरे आहे आणि तथ्येही बरीच जवळची आहेत. विरुद्ध बाजूचे दोन निवाडे नोटेत नाहीत: कंपनीला आरोपी केल्याशिवाय संचालकावर खटला चालत नाही असे सांगणारा अनिता हाडा वि. गॉडफादर ट्रॅव्हल्स (2012), आणि कंपनीला ना नोटीस होती ना तिला आरोपी केले होते अशा स्थितीत फिर्याद टिकू न देणारा हिमांशु वि. बी. शिवमूर्ती (2019). या तिघांची सांगड घालता येते, चांगला युक्तिवाद उभा राहतो, आणि एखादा अभ्यासू परीक्षक त्याबद्दल ज्युनिअरला गुणही देईल. पण नोट 20 फेब्रुवारीची आहे. परतावा-मेमो 24 जानेवारीला मिळाल्यामुळे नोटिशीची तीस दिवसांची मुदत 23 फेब्रुवारीला संपते. कंपनीच्या नावे स्वतंत्र नोटीस काढायला अजून तीन दिवस आहेत, आणि नोटेत हे कुठेच नाही.

येथे ज्येष्ठाचे काम साधे असते. युक्तिवाद नोटेतच ठेवून तो 21 तारखेला कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर नोटीस रवाना करतो. ती 23 ला पोचली असे धरल्यास तिचे पंधरा दिवस 9 मार्चला संपतात. पहिल्या नोटिशीची मुदत 2 एप्रिलला संपते. म्हणून दोघांविरुद्ध एकच फिर्याद 10 मार्च ते 2 एप्रिल या दरम्यान, पुण्यात. 10 मार्चच्या आधी घाई करणेही घातक आहे, कारण योगेंद्र प्रताप सिंग वि. सावित्री पांडे (2014) प्रमाणे पंधरा दिवस पुरे होण्याआधी दाखल केलेली फिर्याद ही फिर्यादच मानली जात नाही. याशिवाय एक मागचे दार उघडे आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार धनादेश 2012 पासून तारखेपासून तीन महिने वैध असतो; त्या काळात तो पुन्हा भरून, नव्या परताव्यावर नवी नोटीस काढून नव्याने सुरुवात करता येते, हे एमएसआर लेदर्स (2013) ने मान्य केले आहे. चांगली नोट हे पर्याय शेवटी नव्हे, पहिल्या परिच्छेदात, तारखेसह सांगते. ज्येष्ठाने नोट पहिल्या पानावरच थांबवली तरी 23 फेब्रुवारी ही तारीख त्याच्या नजरेतून सुटता कामा नये.

गुण देण्याच्या पद्धती सर्वत्र सारख्या नाहीत. विधिमहाविद्यालयांत चारही अंगांना बहुधा समान गुण ठेवतात. व्यवसायात तसे होत नाही. वरील नोट महाविद्यालयात मध्यम गुणांनी उत्तीर्ण झाली असती. चेंबरमध्ये ती ‘पुन्हा लिही’ या शेऱ्याने परत जाईल आणि तोवर नोटीस निघालेली असेल. शेरा कुठे लिहावा याविषयी दोन वहिवाटी आढळतात. काही ज्येष्ठ समासात चुकीच्या जागी फक्त प्रश्नचिन्ह करतात व चूक ज्युनिअरला शोधायला लावतात. काही जण दुरुस्त उत्तर स्वतः लिहितात. मुदत चालू असताना दुसरी पद्धत सुरक्षित. नसेल तर पहिली अधिक शिकवते असे दिसते, पण तिला ज्येष्ठाजवळ संध्याकाळचा अर्धा तास लागतो.

तालुका व जिल्हा न्यायालयांतील वहिवाटीविषयी लिखित सामग्री विरळ आहे. तेथे नोट पुष्कळदा तोंडीच दिली जाते, कोर्टाच्या वाटेवर किंवा बाररूममध्ये. मूल्यमापनही दोनतीन प्रश्नांतच उरकते: कलम आज कसे आहे, शेवटची तारीख कोणती, समोरचा काय म्हणेल. यांतल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ज्येष्ठ लगेच स्वतःच्या डायरीत लिहून घेतात, आणि प्रत्यक्ष मुदतीच्या तीनचार दिवस आधीच्या पानावर.