ग्राउंडेड थिअरी, फिनॉमिनॉलॉजी की केस स्टडी (एमएच्या प्रपोजलसाठी पद्धत निवडणं)

गुणात्मक संशोधनाच्या प्रपोजलमध्ये 'संशोधन पद्धती' म्हणून एक रकाना असतो आणि तिथे बहुतेक पोरं या तिघांपैकी एक नाव टाकून मोकळी होतात. गोंधळ होतो कारण तिन्हीत लोकांशी बोलायचंच असतं, मुलाखत तिन्हीत असते, मग फरक काय? फरक शेवटी हातात काय येतं त्यात आहे. ग्राउंडेड थिअरीतून एखादी प्रक्रिया कशी चालते याचं स्पष्टीकरण येतं, फिनॉमिनॉलॉजीतून एका अनुभवाचं सार, आणि केस स्टडीतून एका ठरावीक हद्दीतली पूर्ण हकीकत.

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडचंच उदाहरण घेऊ. केळीवर कुकुंबर मोझॅक व्हायरस येतो, आपल्याकडे त्याला हरण्या म्हणतात. मावा ही कीड तो पसरवते, औषधाने बरा होत नाही, रोगट झाडं उपटून नष्ट करणं हाच उपाय. समजा एका विद्यार्थिनीने विषय दिला, 'रावेर तालुक्यातील केळी उत्पादक आणि हरण्या रोग : एक अभ्यास'. हा विषय झाला, प्रश्न नाही झाला, आणि प्रश्नाशिवाय पद्धत ठरतच नाही. यातून निदान तीन प्रश्न निघतात.

पहिला : पानांवर पिवळे पट्टे दिसले की उपटायचं का थांबायचं हे शेतकरी कसं ठरवतात? ही प्रक्रिया आहे, म्हणून ग्राउंडेड थिअरी. ग्लेझर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी ही 1967 मध्ये मांडली आणि तिचा जीव आहे पुढचा माणूस निवडण्यात. चार मुलाखती झाल्या की लगेच कोडिंग करायचं, म्हणजे उत्तरांच्या तुकड्यांना त्यांच्या अर्थाची नावं द्यायची. समजा दोघं म्हणाले की विम्याच्या पंचनाम्यासाठी थांबलो, तर पाचवा माणूस मुद्दाम विमा नसलेला शोधायचा, त्यानंतर बटईदार, कारण बाग त्याच्या हातात असली तरी निर्णय त्याचा असेलच असं नाही. प्रत्येक वेळी मेमो लिहायचा की हाच माणूस का. नवीन काही निघेनासं झालं की थांबायचं. आता पंचाईत अशी की प्रपोजलचा फॉर्म सॅम्पलचा आकडा आधीच मागतो. तिथे नुसतं '20 शेतकरी' लिहू नये, सुरुवात चार-पाच जणांपासून, कमाल वीस, आणि पुढचे कोणत्या निकषावर निवडणार ते लिहावं, नैतिक परवानगीच्या अर्जातही बटईदार, नर्सरीवाले असे संभाव्य गट आधीच टाकून ठेवावेत नाहीतर मधेच अडकायला होतं. सगळ्या मुलाखती एका आठवड्यात उरकून कोडिंग नंतर केलं असेल तर ती ग्राउंडेड थिअरी नाही, थीमॅटिक अॅनालिसिस आहे, म्हणजे जमलेल्या उत्तरांतून समान सूत्रं काढणं. त्यात वाईट काही नाही, पण मग तेच नाव लिहा ना.

दुसरा : स्वतः लावलेली बाग स्वतःच्या हाताने उपटणं हा अनुभव कसा असतो? ही फिनॉमिनॉलॉजी. इथे सहा ते दहा माणसं सहसा पुरतात पण प्रत्येकाने खरंच बाग उपटलेली पाहिजे, शेजाऱ्याची बघितलेला चालत नाही. 'का उपटली' असं न विचारता 'त्या सकाळी शेतात गेलात तिथपासून सांगा' असं विचारायचं. हुसर्ल या तत्त्वज्ञाच्या वाटेने गेलात तर आपली मतं आधी लिहून बाजूला ठेवायची. त्याच परंपरेतल्या हायडेगरची वाट म्हणते की मतं पूर्ण बाजूला निघतच नाहीत, ती अर्थ लावण्यात मोकळेपणाने धरा. विद्यार्थिनीच्या घरचीच बाग गेली असेल तर मला दुसरी जास्त प्रामाणिक वाटते. आणि उत्तरात नुसते भाव, नुकसानभरपाई, रोपांचा दर एवढंच येत राहिलं तर प्रश्न अनुभवाचा नव्हताच किंवा विचारायला चुकलं असं समजायचं.

तिसरा : एका गावात एका हंगामात रोग आवरायला गाव का कमी पडलं? ही केस स्टडी, आणि केस स्टडीच्या पद्धतीवर लिहिणाऱ्या रॉबर्ट यिन यांच्या मांडणीत 'कसं' आणि 'का' हेच तिचे प्रश्न. गाव कोणतं, हंगाम कोणता, कोण आत कोण बाहेर ही हद्द प्रपोजलमध्येच लिहायची. नुसत्या दहा मुलाखती घेऊन केस होत नाही. पंचनामे, ग्रामसभेचं इतिवृत्त, कृषी सहायकाच्या भेटी, रोपांच्या पावत्या, हे सगळं एकमेकांशी ताडून बघायचं. माणूस सांगतो लगेच उपटली, पंचनाम्याची तारीख तीन आठवड्यांनंतरची निघते, मग खरा अभ्यास सुरू होतो. एका गावावरून सगळ्या तालुक्याची टक्केवारी मात्र काढता येत नाही.

वेळेचंही बघावं लागतं. रोगाचा जोर पावसाळ्यात असतो आणि डिसर्टेशन जानेवारी ते एप्रिलमध्ये असेल तर सगळं आठवणीवर चालतं, निर्णय मागाहून सांगताना माणूस तो सरळसोट करून सांगतो. कागदांवर तारखा असतात, त्यामुळे अशा वेळी केस स्टडी सावरून घेते. शिवाय ग्राउंडेड थिअरीला दोन-तीनदा परत जावं लागतं, जळगावहून रावेर जमतं, पुण्याच्या हॉस्टेलवरून अवघड. या विद्यार्थिनीकडे एकच सेमिस्टर आणि मामाचं गाव असेल तर मी तिला तिसऱ्या प्रश्नाकडे वळवेन, फक्त मामाची मुलाखत सॅम्पलमध्ये धरू नको आणि मामाकडे उतरणार आहेस हे प्रपोजलमध्ये लिही एवढं सांगेन.