मथळ्याचे व्याकरण (इंग्रजी वृत्तपत्रीय)

इंग्रजी दैनिकांच्या बातमीवरील मथळ्यात वापरली जाणारी, नेहमीच्या वाक्यरचनेपेक्षा वेगळे नियम पाळणारी संक्षिप्त भाषा. तिच्या चार खुणा सांगितल्या जातात : ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ ही उपपदे गळतात, ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ ही साहाय्यक क्रियापदे गळतात, घडून गेलेली गोष्ट वर्तमानकाळात येते, आणि पुढे घडणाऱ्या गोष्टीसाठी ‘विल’ऐवजी ‘टू’ लावलेले क्रियापद येते. या भाषेला ‘हेडलाइनीज’ म्हणतात. हाइनरिख श्ट्राउमान यांनी १९३५ मध्ये मथळ्यांचा भाषाशास्त्रीय अभ्यास केला आणि पाट्या, सूचना, शीर्षके यांच्या त्रोटक भाषेसाठी ‘ब्लॉक लँग्वेज’ ही संज्ञा वापरली. इंग्रिड मोर्ड यांचा १९८० चा अभ्यास पहिल्या पानावरील मथळ्यांच्या व्याकरणापुरता आहे.

उगम : ही भाषा तारेतून आली, असे मत अनेकदा मांडले जाते. १८४४ नंतर अमेरिकेत तारायंत्र पसरले, तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून बातमीदार उपपदे गाळून लिहू लागले आणि तीच सवय मथळ्यात उतरली, असा हा युक्तिवाद. पण तारेतून येई ती बातमी. मथळा वृत्तपत्राच्या कचेरीतच रचला जाई आणि त्याला तारेचा खर्च लागू नव्हता. पुरावाही या मताला फारसा साथ देत नाही. लिंकन यांच्यावरील हल्ल्याची बातमी वॉशिंग्टनहून तारेनेच आली होती, तरी न्यूयॉर्क टाइम्सच्या १५ एप्रिल १८६५ च्या अंकातील मथळा ‘प्रेसिडेंट लिंकन शॉट बाय ॲन असॅसिन’ असा आहे. त्यात ‘वॉज’ गळले आहे, ‘ॲन’ मात्र जागेवर आहे. खालच्या ओळीतही ‘द डीड डन ॲट फोर्ड्स थिएटर लास्ट नाइट’ असे ‘द’सह छापले आहे. म्हणजे साहाय्यक क्रियापद आधी गेले आणि उपपदे मागाहून, असा क्रम संभवतो.

दुसरे मत छपाईकडे बोट दाखवते आणि ते अधिक ग्राह्य वाटते. १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या रिचर्ड हो यांच्या फिरत्या छापखान्यात अक्षरांचे खिळे गोल रुळावर बसवलेले असत आणि स्तंभांमधल्या पाचरीसारख्या पट्ट्या ते धरून ठेवत. दोन स्तंभांवर पसरलेला मथळा घ्यायचा तर पट्टी तोडावी लागे आणि खिळे निसटण्याची भीती असे. त्यामुळे मथळा एका स्तंभाच्या रुंदीत, एकाखाली एक अशा अनेक पायऱ्यांनी उतरे. जागा अरुंद होती, पण पायऱ्या हव्या तेवढ्या घेता येत. ‘ॲन’ला जागा मिळे. पुढे सुट्या खिळ्यांऐवजी वळणदार ओतीव पत्रे आले, स्तंभाचे बंधन सैल झाले आणि शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या दैनिकांत मोठ्या टाइपातले आडवे मथळे रूढ झाले. अक्षर मोठे आणि ओळी एक-दोनच, अशी स्थिती आल्यावर उपपदांवर गदा आली असावी. नंतर उपसंपादक अक्षरे मोजू लागले : साध्या अक्षराला एक माप, ‘एम’ व ‘डब्ल्यू’ला दीड, ‘आय’ व ‘एल’ला अर्धे. ‘प्रोब’, ‘बिड’, ‘क्विट’ असे तोकडे शब्द मथळ्यात इतके का दिसतात, याचे उत्तर या मोजमापात आहे.

उपपदे गाळण्यालाही नियम आहे. ‘मॅन बाइट्स डॉग’ चालते, ‘मॅन बाइट्स अ डॉग’ही चालते, पण ‘अ मॅन बाइट्स डॉग’ इंग्रजी भाषकाला खटकते. गळती वाक्याच्या सुरुवातीकडून होते. नंतरचे उपपद गेले आणि आधीचे राहिले, असे सहसा होत नाही.

वर्तमानकाळ : बातमी ताजी वाटावी म्हणून वर्तमानकाळ येतो, असे पाठ्यपुस्तके सांगतात. जागा वाचते म्हणून, असेही म्हटले जाते. पण ‘सँक’पेक्षा ‘सिंक्स’ एका अक्षराने लांबच आहे. खरे कारण रचनेत असावे. ‘वॉज’ गळाल्यावर ‘शॉट’चा अर्थ ‘गोळी घातली गेली’ असा ठरून गेला. मग ‘पोलीस शॉट’ लिहिले तर पोलिसांनी गोळी झाडली की पोलिसांना लागली, हे कळत नाही. कर्मणी प्रयोगाने ते रूप अडवल्यामुळे कर्तरीसाठी ‘पोलीस शूट’ हे वर्तमानकाळी रूप उरले. ही व्यवस्था १९१२ पर्यंत पुरती बसलेली दिसते. न्यूयॉर्क टाइम्सच्या १६ एप्रिलच्या मथळ्यात ‘टायटॅनिक सिंक्स’ (कर्तरी, वर्तमानकाळ), ‘८६६ रेस्क्यूड बाय कार्पेथिया’ (कर्मणी, ‘वेअर’ गाळलेले) आणि ‘इस्मे सेफ’ (क्रियापदच नाही) या तिन्ही रचना एकत्र आहेत आणि ‘हिटिंग आइसबर्ग’मध्ये उपपदही गेले आहे.

संदिग्धता : गाळलेले शब्दच वाक्याचे सांधे दाखवत असतात, ते गेले की वाचक भलतीकडे वळतो. याचे गाजलेले उदाहरण २००९ चे आहे. जपानमधील एका इंग्रजी वृत्तस्थळाने ‘व्हायोलिनिस्ट लिंक्ड टू जेएएल क्रॅश ब्लॉसम्स’ असा मथळा दिला. बातमी एका व्हायोलिनवादक तरुणीची होती. तिचे वडील १२ ऑगस्ट १९८५ च्या जपान एअरलाइन्सच्या अपघातात, तिच्या जन्माआधी गेले होते. आता ती कलावंत म्हणून बहरते आहे, एवढेच सांगायचे होते. पण ‘लिंक्ड’ दिसताच मथळ्याला सरावलेला वाचक ‘इज’ गाळले आहे असे धरतो आणि तेच मुख्य क्रियापद मानतो. इथे मात्र ते ‘संबंध असलेली’ या अर्थाचे विशेषण आहे. क्रियापदाची जागा अशी भरली की शेवटचे ‘ब्लॉसम्स’ नाम ठरते, कारण इंग्रजीत तोच ‘स’ नामाचे अनेकवचन दाखवतो आणि क्रियापदाचे एकवचनही. नामे नुसती शेजारी ठेवून इंग्रजीत समास होतो, त्यामुळे ‘अपघात-फुले’ नावाची वस्तू तयार होते आणि वादिकेचा तिच्याशी संबंध जोडला जातो. पुढे संपादकांनी अशा सर्वच मथळ्यांना ‘क्रॅश ब्लॉसम’ म्हणायला सुरुवात केली. मथळा तपासताना ‘स’ने संपणारा प्रत्येक शब्द एकदा नाम आणि एकदा क्रियापद म्हणून वाचला, तर बहुतेक घोटाळे छपाईआधी सापडतात.

मराठीशी तुलना : मराठीत उपपदे नाहीत, क्रियापद शेवटी येते आणि विभक्ती नात्यांची खूण ठेवते. वरचा मथळा ‘विमान अपघातात वडील गमावलेली व्हायोलिनवादक बहरली’ असा केला तर घोटाळा उरत नाही. घडलेल्या गोष्टीला मराठी मथळा भूतकाळच वापरतो (‘भारताने मालिका जिंकली’), नाहीतर क्रियापद गाळून नामावर थांबतो : ‘अपघातात तीन ठार’, ‘पोलिसांकडून दोघांना अटक’. इंग्रजीवरून घाईने केलेल्या मथळ्यात ‘जिंकतो’, ‘म्हणतो’ अशी रूपे आली, की ती घटनेऐवजी सवय सांगतात. मराठीतली संदिग्धता षष्ठीत असते. ‘अधिकाऱ्यांची चौकशी सुरू’ यात अधिकारी चौकशी करत आहेत की त्यांचीच चौकशी चालू आहे, हे ‘ची’ सांगत नाही. ‘अधिकाऱ्यांकडून’ लिहिले की पहिला अर्थ पक्का होतो, ‘अधिकारी चौकशीच्या फेऱ्यात’ लिहिले की दुसरा.