पाऊस, सोयाबीन आणि फुकटात वाढणारा आर-स्क्वेअर

सप्टेंबर संपत आला की इंदूरच्या मंडीत यंदा सोयाबीन किती येणार याचे अंदाज सुरू होतात. हल्ली या अंदाजांच्या सोबत एखादं टिपणही फिरतं: पाऊस, तापमान, आर्द्रता, पेरणीची तारीख असे आठ-दहा चल घेऊन केलेलं रिग्रेशन आणि खाली ठळक अक्षरांत आर-स्क्वेअर ०.९ च्या वर. वाचणाऱ्याला वाटतं, पिकाच्या चढउतारातला नव्वद टक्के भाग यांनी पकडला. माझा पहिला प्रश्न मात्र असतो की वर्षं किती घेतली? बारा वर्षांची आकडेवारी आणि दहा चल असतील, तर त्या ०.९ मध्ये नवल काहीच नाही. गंमत म्हणजे हा गोंधळ शंभर वर्षांपूर्वी लक्षात आला तोही पाऊस आणि पीक यांच्याच हिशेबात.

सहसंबंधाची कल्पना फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८८ मध्ये मांडली, कार्ल पिअरसन यांनी १८९६ मध्ये तिला आज आपण वापरतो ते सूत्र दिलं आणि अडनी यूल यांनी पुढच्याच वर्षी ती एकाहून जास्त चलांपर्यंत नेली. या सहसंबंधाच्या वर्गाचं महत्त्व पुढे आलं ते मुख्यतः स्यूअल राइट यांच्यामुळे. अमेरिकेच्या कृषी खात्यात गिनीपिगांच्या अंगावरच्या रंगांचा अभ्यास करताना त्यांना एकच गोष्ट हवी होती: पिल्लांमधल्या फरकातला किती वाटा आनुवंशिकतेचा आणि किती इतर कारणांचा. १९२१ च्या त्यांच्या लेखात या वाट्याला ‘कोएफिशंट ऑफ डिटर्मिनेशन’ म्हटलं आहे. आजच्या आर-स्क्वेअरचा अर्थ तोच.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ, आकडे सोपे ठेवून. माळव्यातल्या एका तालुक्याचं बारा वर्षांचं हेक्टरी सोयाबीन उत्पादन आपल्याकडे आहे. प्रत्येक वर्षाचा सरासरीपासूनचा फरक काढला, त्याचे वर्ग केले आणि बेरीज १०० आली. ही झाली एकूण अस्थिरता. आता मोसमातल्या एकूण पावसावरून उत्पादनाची रेषा बसवली. रेषेने सांगितलेलं आणि प्रत्यक्षातलं यांतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज ६० उरली. म्हणजे १०० पैकी ४० रेषेने उचलले, आर-स्क्वेअर ०.४०. पण शेतकरी सांगेल की एकूण पावसापेक्षा शेंगा भरताना पडलेला खंड जास्त मारतो. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमधले कोरडे दिवस हा दुसरा चल घातला. उरलेली बेरीज ३६ झाली, आर-स्क्वेअर ०.६४.

इथवर ठीक. आता मुद्दाम एक वेडेपणा करू. पिशवीतून बारा चिठ्ठ्या काढायच्या, त्यांवरचे आकडे बारा वर्षांपुढे लिहायचे आणि तो तिसरा चल म्हणून घालायचा. समजा उरलेली बेरीज ३४ आली. आर-स्क्वेअर ०.६६ झाला. चिठ्ठ्यांनी पिकाबद्दल दोन टक्के ‘सांगितले’.

असं का व्हावं, याचं उत्तर लघुतम वर्गांच्या रीतीतच आहे. ही रीत गुणकांचे असे आकडे शोधते की उरलेली बेरीज शक्य तितकी लहान व्हावी. तिसरा चल आला तरी त्याचा गुणक शून्य ठेवण्याची मुभा तिला आहेच, आणि तसं केलं की जुनी ३६ ची बेरीज जशीच्या तशी मिळते. त्यामुळे नवी बेरीज ३६ पेक्षा मोठी होणं शक्यच नाही. आर-स्क्वेअर खाली येऊ शकत नाही, हे एवढ्यावरच सिद्ध झालं.

मग तो तिथेच थांबत का नाही, वर का चढतो? पहिल्या दोन चलांनी जे सांगता येईल ते सांगून झाल्यावर प्रत्येक वर्षाचा काही उरलेला फरक शिल्लक असतो. चिठ्ठ्यांच्या आकड्यांतूनही पाऊस आणि कोरडे दिवस यांच्याशी जुळणारा भाग काढून टाकला, की तिथेही बारा उरलेले आकडे राहतात. या दोन उरलेल्या रांगांमधला सहसंबंध r असेल तर नवी बेरीज बरोबर अशी येते:

नवी बेरीज = जुनी बेरीज × (1 − r²)

आपल्या उदाहरणात ३६ चे ३४ झाले, म्हणजे r सुमारे ०.२४. आर-स्क्वेअर स्थिर राहायला हा r अगदी काटेकोर शून्य हवा. बारा आकड्यांच्या दोन बेभरवशाच्या रांगांमध्ये तो शून्य येणं जवळपास अशक्य. थोडा धन किंवा थोडा ऋण येणारच, आणि वर्ग केला की चिन्हही पुसलं जातं. म्हणून व्यवहारात प्रत्येक नवा चल काही ना काही उचलतोच. असे चल अकरापर्यंत वाढवत नेले की बारा वर्षांवर रेषा नेमकी बसते आणि आर-स्क्वेअर १ होतो, सगळ्या चिठ्ठ्याच असल्या तरी. पटत नसेल तर R या संगणकभाषेत चालवून बघा:

```r
y <- rnorm(12)
X <- matrix(rnorm(12 * 10), 12, 10)
for (k in 1:10)
  print(summary(lm(y ~ X[, 1:k]))$r.squared)
```

इथे y चा X शी काडीचा संबंध नाही, तरी आकडा पायरीपायरीने चढतो. n निरीक्षणं आणि k निरर्थक चल असतील तर आर-स्क्वेअरची सरासरी k/(n−1) येते. दहा चल आणि बारा वर्षं म्हणजे १०/११, सुमारे ०.९१. सुरुवातीच्या त्या टिपणातला आकडा इथे भेटतो.

रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडच्या रोथॅमस्टेड प्रयोगकेंद्रात आले. तिथल्या ब्रॉडबॉक शेतात १८४३ पासून दरवर्षी गहू घेतला जात होता आणि पावसाच्याही नोंदी होत्या. वर्षभरातल्या पावसाचा गव्हावर काय परिणाम होतो हा त्यांच्या १९२४ च्या शोधनिबंधाचा विषय. अडचण उघड होती: आठवड्याआठवड्याचा पाऊस वेगवेगळा चल म्हणून घेतला तर चल आणि वर्षं जवळजवळ सारखीच होतील. फिशरांनी वर्षभराच्या पावसाची वाटणी एका वक्राने मांडून तिला मोजक्या आकड्यांत आणलं. शिवाय काहीही संबंध नसतानाही अनेक चलांचा सहसंबंध शून्याच्या वर येतो, त्यामुळे तो किती वर येतो हे आधी माहीत हवं, हेही त्यांनी दाखवलं. योगायोग असा की त्याच १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदुरात इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी केली. तिचं नाव पुढे कंपोस्टच्या ‘इंदूर पद्धती’मुळे जगभर झालं, आर-स्क्वेअरशी तिचा संबंध नाही, पण इंदूरकराला हे साल आठवल्यावाचून राहत नाही.

दुरुस्तीचं सूत्र मात्र रूढ झालं ते अमेरिकेच्या कृषी खात्यात, शेतमालाच्या किमतींचे हिशेब करणाऱ्या लोकांमध्ये. मॉर्डेकाय इझिकिएल यांनी १९२३ मध्ये हॉवर्ड टॉली यांच्यासोबत अनेक चलांचं रिग्रेशन हाताने आणि टेबलावरच्या यंत्रावर भराभर सोडवण्याची रीत दिली होती. माझ्या मते रोगाचं मूळही तिथेच आहे: चल घालणं स्वस्त झालं की माणसं घालत सुटतात. १९२० च्या दशकाच्या शेवटी इझिकिएल यांनीच आर-स्क्वेअर खाली ओढणारं सूत्र मांडलं आणि त्याचं श्रेय आपले सहकारी बी. बी. स्मिथ यांना दिलं. १९३१ मध्ये शैक्षणिक चाचण्यांच्या क्षेत्रात लार्सन आणि वेरी यांनीही याच आकुंचनावर लिहिलं. आज दिसतं ते रूप असं:

adjusted R² = 1 − (1 − R²)(n − 1)/(n − k − 1)

यामागचा विचार सूत्रापेक्षा सोपा आहे. एकूण १०० ची बेरीज अकराने भागायची, कारण सरासरी काढण्यात बारापैकी एक मोकळीक गेली. उरलेली बेरीज बारातून एक आणि चलांची संख्या वजा करून भागायची. दोन चलांच्या मॉडेलमध्ये ३६ भागिले ९, म्हणजे ४. हे ४ आणि ९.०९ यांची तुलना केली की ०.५६ मिळतात. एका चलाच्या वेळी हाच आकडा ०.३४ होता, म्हणजे कोरड्या दिवसांनी आपली जागा कमावली. चिठ्ठ्या घातल्यावर ३४ भागिले ८, म्हणजे ४.२५, आणि दुरुस्त आकडा ०.५३ वर उतरतो.

भाजक असा का निवडला हेही इथेच कळतं. निरर्थक चल उरलेल्या ३६ मधला सरासरी एक नवमांश, म्हणजे ४, उचलतो. राहतात ३२, आणि ३२ भागिले ८ पुन्हा ४. म्हणजे निव्वळ नशिबाने जेवढं मिळतं तेवढंच मिळालं तर दुरुस्त आकडा जागचा हलत नाही. आपल्या चिठ्ठ्यांनी चारऐवजी दोनच उचलले म्हणून तो उतरला. फारच थोडं समजलं असेल तर तो शून्याखालीही जातो: बारा वर्षं, एक चल आणि आर-स्क्वेअर ०.०५ असेल तर दुरुस्त आकडा −०.०४५. टक्केवारी ऋण कशी, असं विचारत विद्यार्थी येतात; तो आता वाटा राहिलेला नसून तुलना झालेली आहे, एवढंच उत्तर.

या आकड्यावर गरजेपेक्षा जास्त विश्वास बसला तो नंतर. हेन्री टाइल यांनी १९६१ मध्ये मॉडेल निवडण्याची कसोटी म्हणून त्याची बाजू मांडली आणि अर्थमितीच्या पुस्तकांत R वर आडवी रेघ देऊन तो स्थिरावला. १९६९ मध्ये हाइतोव्स्की यांनी दाखवलेली गोष्ट मात्र कमी लोकांच्या लक्षात असते: नव्या चलाचा t, म्हणजे त्याचा गुणक भागिले त्या गुणकाची प्रमाणित त्रुटी, चिन्ह सोडून १ पेक्षा मोठा असला की दुरुस्त आर-स्क्वेअर वाढतो. एरवी आपण २ च्या आसपासचा t मागतो. ही चाळणी बरीच ढिली आहे. आपल्या उदाहरणात आठ मोकळिकी उरतात, तेव्हा निव्वळ चिठ्ठ्यांचा t साधारण तीनात एकदा १ ओलांडतो.

म्हणजे कुणी दहा निरर्थक चल एकेक करून लावून बघितले आणि दुरुस्त आर-स्क्वेअर वाढवणारा तेवढा ठेवला, तर असा एक तरी सापडण्याची शक्यता ९८ टक्क्यांच्या घरात जाते. सूत्रातला k मॉडेलमध्ये राहिलेले चल मोजतो, चाळून टाकलेले मोजत नाही. १९७० च्या दशकात मॅलोज आणि अकाइके यांनी जास्त कडक कसोट्या दिल्या, पण शोधाशोधीचा हिशेब त्याही आपोआप करत नाहीत.

एक शेवटची अडचण व्यवहारातली. कधी चल घातल्यावर साधा आर-स्क्वेअरच खाली आलेला दिसतो आणि वर सिद्ध केलेलं खोटं वाटू लागतं. बहुतेक वेळा नव्या चलाच्या एक-दोन वर्षांच्या नोंदी नसतात, आणि R ती वर्षं गुपचूप गाळून उरलेल्यांवर रेषा बसवतं. summary च्या खाली `(2 observations deleted due to missingness)` अशी ओळ असेल तर दोन मॉडेल वेगवेगळ्या वर्षांवर बसवली आहेत आणि त्यांचे आकडे, साधे किंवा दुरुस्त, शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. दोन्ही मॉडेलं आधी त्याच दहा वर्षांवर बसवायची, मग तुलना.